तीस किलोवॉटची मोटर आणि तीन स्टार्टर

थ्री-फेज इंडक्शन मोटर बंद अवस्थेतून सुरू करताना ती आपल्या पूर्ण भाराच्या प्रवाहाच्या साधारण पाच ते सात पट प्रवाह ओढते आणि वेग पकडल्यावरच शांत होते, हे मोटरच्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. हा प्रवाह भारामुळे वाढतो, असा समज मात्र सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. स्टेटरला वीज मिळताच त्यातील चुंबकीय क्षेत्र तत्काळ पूर्ण वेगाने फिरू लागते. चार पोलच्या मोटरमध्ये ५० हर्ट्झवर हा वेग मिनिटाला १५०० फेऱ्यांचा असतो. रोटर त्या क्षणी जागेवरच उभा असतो, त्यामुळे त्याच्या सळ्यांना हे क्षेत्र पूर्ण वेगाने कापत जाते. सळ्यांची दोन्ही टोके कड्यांनी जोडून शॉर्ट केलेली असल्यामुळे त्या क्षणी मोटर म्हणजे सेकंडरी शॉर्ट केलेला एक ट्रान्सफॉर्मरच असतो. रोटर जसजसा क्षेत्राच्या वेगाच्या जवळ जातो, तसतसे सळ्यांमध्ये निर्माण होणारे व्होल्टेज कमी होते आणि प्रवाह उतरतो.

म्हणजेच एखाद्या विशिष्ट क्षणी मोटर किती प्रवाह घेईल, हे तिला मिळणारे व्होल्टेज आणि त्या क्षणीचा तिचा वेग या दोनच गोष्टी ठरवतात. शाफ्टवर भार जास्त असला तर सुरुवातीचा आकडा वाढत नाही, पण तो किती सेकंद टिकेल हे मात्र बदलते. पुढचे सगळे विवेचन या एका मुद्द्यावर उभे आहे, म्हणून तो नीट लक्षात ठेवावा.

उदाहरण म्हणून बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लहान कारखान्याची कल्पना करू. तेथे धूळ ओढण्यासाठी एक सेंट्रिफ्यूगल ब्लोअर बसवायचा आहे. त्याची मोटर ३० किलोवॉटची, म्हणजे ४० हॉर्सपॉवरची, ४१५ व्होल्टची आणि चार पोलची आहे. नेमप्लेटवर पूर्ण भाराचा प्रवाह ५४ अँपिअर आणि वेग १४७५ फेरे लिहिला आहे. उत्पादकाच्या तक्त्यानुसार सुरुवातीचा प्रवाह सहा पट आणि सुरुवातीचा टॉर्क पूर्ण भाराच्या टॉर्कच्या दुप्पट आहे. पूर्ण भाराचा टॉर्क सुमारे १९४ न्यूटन-मीटर होतो, तेव्हा सुरुवातीचा टॉर्क ३९० च्या घरात जातो. कारखान्याला १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर वीज पुरवतो.

डायरेक्ट ऑनलाइन, म्हणजे डीओएल स्टार्टरमध्ये एकच कॉन्टॅक्टर असतो आणि तो मोटरला पहिल्या क्षणापासून पूर्ण ४१५ व्होल्ट देतो. प्रवाहावर कोणतीही मर्यादा घातलेली नसते, त्यामुळे आपली मोटर ५४ च्या सहा पट, म्हणजे ३२४ अँपिअर ओढते. मोटरच्या दृष्टीने यात फारसे वाईट काही नाही, कारण पूर्ण टॉर्क मिळाल्याने ती ब्लोअरला दोन-तीन सेकंदांत वेगावर नेते आणि जास्त प्रवाहाचा काळ लवकर संपतो. अडचण पुरवठ्याची असते. १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भाराचा प्रवाह ४३३ व्होल्टला सुमारे १३३ अँपिअर असतो आणि त्याचा इंपीडन्स साधारण ४.५ टक्के धरता येतो. ३२४ अँपिअर म्हणजे त्याच्या क्षमतेच्या जवळपास अडीच पट, म्हणून व्होल्टेज सुमारे ११ टक्क्यांनी खाली बसते. सुरुवातीच्या प्रवाहाचा पॉवर फॅक्टर अगदी कमी असल्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या रिअॅक्टन्सवरील घट जवळजवळ पूर्णपणे व्होल्टेजमधून वजा होते. एवढाच प्रवाह हीटरने घेतला असता तर घट याहून कमी दिसली असती. केबलमधील घट यात आणखी मिळवावी लागते. दिवे मंदावतात, शेजारच्या मशीनचे कॉन्टॅक्टर थरथरू लागतात आणि टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने कमी होत असल्यामुळे खुद्द या मोटरचा टॉर्कही जवळपास पाचव्या हिश्श्याने घटतो.

म्हणून मोठी मोटर असली की कमी व्होल्टेजवर सुरुवात करण्याचा विचार पुढे येतो. स्टार-डेल्टा स्टार्टर मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करतो आणि टायमरवर लावलेली वेळ संपली की तिला डेल्टा जोडणीत नेतो. त्याची सर्व किमया मोटरच्या सहा टोकांत आहे. ही पद्धत वापरायची तर मोटर ४१५ व्होल्टवर डेल्टा जोडणीत चालणारी असावी लागते आणि तिची सहाही टोके टर्मिनल बॉक्समध्ये बाहेर आणलेली असावी लागतात. लहान मोटरी बऱ्याचदा ४१५ व्होल्टला स्टारमध्येच चालण्यासाठी बनवलेल्या असतात, त्यांना हा स्टार्टर लावता येत नाही.

आपल्या मोटरमध्ये तो कसे काम करतो ते पाहू. डेल्टामध्ये प्रत्येक वाइंडिंगला पूर्ण ४१५ व्होल्ट मिळतात. सुरुवातीला लाइनमधून ३२४ अँपिअर येत असतील, तर डेल्टामुळे प्रत्येक वाइंडिंगमध्ये त्याचा १.७३ वा भाग, म्हणजे १८७ अँपिअर वाहतो. आता तीच वाइंडिंग स्टारमध्ये जोडली की प्रत्येकीला ४१५ ऐवजी २४० व्होल्ट मिळतात. व्होल्टेज १.७३ पटीने कमी झाले, म्हणून वाइंडिंगमधील प्रवाहही तितक्याच पटीने घसरून १०८ अँपिअरवर येतो. स्टारमध्ये वाइंडिंग आणि लाइन एकाच वाटेवर असल्यामुळे लाइनमध्येही हाच १०८ अँपिअर दिसतो. ३२४ चा बरोबर एक तृतीयांश. यात १.७३ ची घट दोनदा झाली आहे, एकदा वाइंडिंगला व्होल्टेज कमी मिळाल्यामुळे आणि दुसऱ्यांदा लाइन व वाइंडिंग यांचे नाते बदलल्यामुळे. ट्रान्सफॉर्मरवरील व्होल्टेजची घट आता ११ टक्क्यांऐवजी साडेतीन टक्क्यांच्या आसपास येते.

पण टॉर्क वाइंडिंगच्या व्होल्टेजच्या वर्गावर चालतो, म्हणून तोही एक तृतीयांश होतो. ३९० न्यूटन-मीटरच्या जागी आता १३० उरतात, म्हणजे पूर्ण भाराच्या टॉर्कच्या दोन तृतीयांश. लाइनचा प्रवाह ज्या प्रमाणात वाचला, त्याच प्रमाणात टॉर्क गेला. हा सौदा पाहूनच स्टार्टर निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. केवळ हॉर्सपॉवरचा तक्ता पाहून निवडलेला स्टार-डेल्टा पुष्कळदा कागदावरच प्रवाह वाचवतो.

ब्लोअरच्या बाबतीत हा सौदा फायद्याचा ठरतो. सेंट्रिफ्यूगल ब्लोअरचा टॉर्क वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. थांबलेल्या पंख्याला जवळजवळ काहीच लागत नाही आणि अर्ध्या वेगाला पूर्ण वेगाच्या केवळ चतुर्थांश टॉर्क लागतो. त्यात डँपर बंद ठेवून सुरुवात केली तर हवा वाहत नाही आणि पूर्ण वेगालाही मोटरवर साधारण निम्माच भार येतो. स्टारमधील १३० न्यूटन-मीटर अशा पंख्याला हलवायला पुरतात, फक्त वेळ जास्त लागतो. डीओएलवर दोन-तीन सेकंदांत होणारे काम येथे दहा सेकंदांच्या आसपास होईल, कारण पंख्याच्या जड चाकाला फिरवण्यासाठी उरणारा टॉर्क कमी आहे.

आता खरा निर्णायक भाग येतो, तो म्हणजे स्टारमधून डेल्टात जाण्याचा क्षण. दांडिया बाजारात राहणारा आणि मकरपुऱ्यात पॅनेलवर काम शिकणारा एक तरुण वायरमन त्याच्या वयस्क सहकाऱ्याला असेच विचारत होता, “काका, स्टारमध्ये मीटरवर करंट कमी दिसतो, मग थोड्या वेळाने मेन ब्रेकर का उडतो?” काकांनी उत्तर देण्याऐवजी विचारले, “टायमर किती सेकंदांवर आहे?” टायमर चार सेकंदांवर होता. उत्तर त्या प्रश्नातच होते.

इंडक्शन मोटरचा प्रवाह वेगाबरोबर सरळ रेषेत उतरत नाही. पूर्ण वेगाच्या तीन चतुर्थांश, म्हणजे ११०० फेऱ्यांपर्यंत पोचल्यावरही तो सुरुवातीच्या आकड्याहून फारसा खाली आलेला नसतो. खरी घसरण शेवटच्या दहा-पंधरा टक्के वेगात होते. म्हणून पंखा ११०० फेऱ्यांवर असताना टायमरने डेल्टा जोडला तर मोटर पूर्ण व्होल्टेजवर पाच पट, म्हणजे २७० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. स्टारमध्ये टाळलेला झटका फक्त चार सेकंदांनी पुढे ढकलला जातो. तोच टायमर मोटर १४५० फेऱ्यांवर असताना सुटला तर डेल्टात दुपटीच्या आसपास, साधारण १०० ते ११० अँपिअर येतो आणि लगेच खाली बसतो.

टायमर किती ठेवावा हे ठरवण्यासाठी क्लँप मीटर लाइनवर लावून स्टारमध्ये मोटर सुरू करावी. सुरुवातीला १०८ च्या जवळचा आकडा दिसेल, मग तो बराच वेळ जवळपास तसाच राहील आणि एका टप्प्यावर वेगाने खाली येऊन डँपर बंद असलेल्या या ब्लोअरसाठी पंचवीस-तीस अँपिअरवर स्थिरावेल. जेथे आकडा स्थिरावतो, तेथे मोटर स्टारमध्ये जितकी पुढे जाऊ शकते तितकी गेलेली असते, आणि टायमर त्यानंतर एखाद्या सेकंदाने सुटेल असा लावावा. साधा क्लँप मीटर झटक्याचे शिखर पकडत नाही, कारण तो सरासरी दाखवतो. डेल्टाच्या क्षणीचा आकडा पाहायचा तर इनरश मोड असलेला मीटर लागतो. प्रवाह स्थिरावण्याऐवजी वरच अडकून राहिला आणि मोटरचा आवाज जड होऊन पुढे चढत नसेल, तर मोटर स्टारमध्ये वेगावर पोचूच शकत नाही असे समजावे. अशा वेळी टायमर वाढवून काही साधत नाही, उलट वाइंडिंग आणि रोटर तापत राहतात.

योग्य वेळी केलेल्या बदलातही एक अडचण उरते. स्टारचा कॉन्टॅक्टर सुटल्यापासून डेल्टाचा जोडला जाईपर्यंत मोटर पुरवठ्यापासून तुटलेली असते आणि हा खंड काही दशांश किंवा शतांश सेकंदांचा असतो. मोटर फिरत राहते, रोटरमधील चुंबकत्व लगेच मरत नाही, म्हणून तिच्या वाइंडिंगमध्ये स्वतःचे व्होल्टेज शिल्लक राहते. रोटर हळू होत असल्यामुळे हे व्होल्टेज पुरवठ्याच्या तालातून सरकत जाते. डेल्टा जोडताना दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध दिशेत सापडले तर वाइंडिंगला दोघांची बेरीज मिळते आणि काही चक्रे टिकणारे प्रवाहाचे शिखर डीओएलच्या प्रवाहालाही मागे टाकू शकते. ब्रेकरचे मॅग्नेटिक ट्रिप याच शिखरावर उडते. शाफ्टवर, कपलिंगवर आणि बेल्टवरही याचा धक्का जाणवतो.

मग हा खंड अगदी छोटा करावा, असे वाटेल. पण स्टारच्या कॉन्टॅक्टरमधील ठिणगी विझण्याआधीच डेल्टाचा कॉन्टॅक्टर बंद झाला तर तिन्ही फेज त्याच्यातून एकमेकांना भिडतात आणि सरळ शॉर्ट सर्किट होते. म्हणून खास स्टार-डेल्टा टायमरमध्ये सुमारे ५० मिलिसेकंदांचा विराम ठेवलेला असतो आणि दोन्ही कॉन्टॅक्टर एकमेकांच्या कॉइलच्या वाटेत बंद-संपर्काने इंटरलॉक केलेले असतात. हा विराम नसलेला साधा टायमर वापरल्याचे चिन्ह स्टारच्या कॉन्टॅक्टरच्या संपर्कांवर काळ्या, वितळलेल्या ठिपक्यांच्या रूपाने दिसते.

याच ठिकाणी एक चूक पॅनेलमध्ये नेहमी सापडते. अनेक स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले मुख्य कॉन्टॅक्टरच्या खाली, म्हणजे वाइंडिंगच्या वाटेत असतो. डेल्टामध्ये तेथून लाइनचा पूर्ण ५४ अँपिअर जात नाही, वाइंडिंगचा ३१ अँपिअर जातो. रिले ५४ वर लावला असेल तर मोटरवर पावणेदोन पट भार आला तरी तो निवांत बसतो आणि मोटर जळते. रिले वरच्या बाजूला लाइनमध्ये असेल तर ५४ बरोबर आहे. म्हणून आकडा लावण्याआधी तार रिलेमधून कोठे जाते हे डोळ्यांनी पाहणे गरजेचे आहे.

आता ब्लोअरऐवजी त्याच मोटरने भरलेला बेल्ट कन्व्हेयर चालवायचा आहे, असे समजू. त्याला थांबलेल्या अवस्थेतून हलवायलाच पूर्ण भाराच्या सत्तर टक्के, म्हणजे १३६ न्यूटन-मीटर लागतात आणि वेगाबरोबर ही गरज कमी होत नाही. स्टारमध्ये मिळणारे १३० न्यूटन-मीटर, त्यातून व्होल्टेजच्या घटीचे वजा झाल्यावर १२० च्या आसपास, याला पुरत नाहीत. मोटर जागची हलत नाही, गुरगुरत १०८ अँपिअर घेत राहते आणि टायमर सुटला की डेल्टात संपूर्ण ३२४ चा झटका बसतो. येथे स्टार-डेल्टाने काहीच वाचवले नाही, उलट काही सेकंद वाया घालवून तोच झटका दिला.

अशा भारासाठी ऑटोट्रान्सफॉर्मर स्टार्टरचा विचार होतो. त्यात मोटरला ऑटोट्रान्सफॉर्मरच्या ५०, ६५ किंवा ८० टक्क्यांच्या टॅपवरून वीज मिळते, आणि टॅप आपल्याला भारानुसार निवडता येतो. ६५ टक्क्यांवर मोटरला सुमारे २७० व्होल्ट मिळतात, म्हणून मोटरच्या तारांमधून ३२४ च्या ६५ टक्के, म्हणजे २११ अँपिअर वाहतो. पण हा प्रवाह पुरवठ्याच्या बाजूला येत नाही, कारण मधला ऑटोट्रान्सफॉर्मर व्होल्टेज जितके उतरवतो तितक्याच प्रमाणात त्याच्या पुरवठ्याच्या बाजूचा प्रवाह कमी असतो. म्हणून लाइनमध्ये २११ च्या पुन्हा ६५ टक्के, म्हणजे १३७ अँपिअरच दिसतात, आणि ऑटोट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा चुंबकनाचा थोडा प्रवाह त्यात मिळवावा लागतो. टॉर्कही व्होल्टेजच्या वर्गाने, म्हणजे ४२ टक्क्यांवर येऊन १६५ न्यूटन-मीटर होतो. लाइनचा प्रवाह आणि टॉर्क येथेही एकाच प्रमाणात कमी होतात, म्हणजे सौदा स्टार-डेल्टाचाच आहे. फरक इतकाच, की स्टार-डेल्टा म्हणजे ५८ टक्क्यांवर कायमचा अडकवलेला टॅप आहे.

आपल्या कन्व्हेयरला १३६ हवे आहेत आणि ट्रान्सफॉर्मरवरील साडेचार टक्क्यांच्या घटीनंतर १६५ मधून १५० उरतात. हे जेमतेम आहे, कारण इंडक्शन मोटरचा टॉर्क वेग घेताना मध्येच थोडा खाली बसू शकतो, आणि तो १३६ च्या खाली गेला तर मोटर अर्ध्या वाटेत अडकते. तेव्हा ८० टक्क्यांचा टॅप घ्यावा. त्यावर लाइनचा प्रवाह २०७ अँपिअर होतो, ट्रान्सफॉर्मरवर सात टक्के घट होते, आणि ती धरूनही टॉर्क २१५ च्या वर राहतो. ३२४ च्या तुलनेत हा प्रवाह एक तृतीयांशाहून अधिक कमी आहे आणि भार निश्चितपणे हलतो.

वेग आल्यावर मोटरला पूर्ण व्होल्टेज द्यायचे असते आणि येथे ऑटोट्रान्सफॉर्मरचा एक मोठा गुण दिसतो. कॉर्नडॉर्फर जोडणीत आधी ऑटोट्रान्सफॉर्मरचा स्टार पॉइंट सोडला जातो. मोटर पुरवठ्यापासून तुटत नाही, कारण लाइन आणि टॅप यांच्यामधील वाइंडिंगचा भाग तिच्या वाटेत चोकसारखा राहतो. नंतर तो भाग मुख्य कॉन्टॅक्टरने बायपास केला जातो. मध्ये खंडच पडत नसल्यामुळे स्टार-डेल्टात दिसणारे विरुद्ध दिशेच्या व्होल्टेजचे शिखर येथे येत नाही. शिवाय मोटरची तीनच टोके लागतात, म्हणून तीन तारांच्या केबलवर खोल विहिरीत उतरवलेल्या सबमर्सिबल मोटरला किंवा आतून जोडणी पक्की केलेल्या मोटरलाही ही पद्धत चालते.

या स्टार्टरची मर्यादा त्याच्या आतल्या तांब्यात आहे. ऑटोट्रान्सफॉर्मर काही सेकंदांच्या प्रवाहासाठीच बनवलेला असतो, कायम भार सोसण्यासाठी नाही, आणि एकामागोमाग सुरुवाती केल्या तर त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही. तासाला किती सुरुवाती चालतील आणि प्रत्येक सुरुवात किती सेकंदांची असेल, हे उत्पादकाच्या पत्रकात लिहिलेले असते. टॅपवर मोटर अडकून राहिली आणि बदल झालाच नाही, तर त्याचा वास आधी येतो आणि मग तो जळतो. म्हणून त्याच्या वाइंडिंगमध्ये थर्मोस्टॅट बसवून तो कंट्रोलच्या वाटेत घ्यावा आणि टॅपवर राहण्याच्या वेळेला वेगळा टायमर लावून मर्यादा घालावी.